गाडी ‘अचानक’ घसरत नसते

वीस वर्षं झाली बातम्या लिहितोय. त्यात एक वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल याची मोजदाद नाही. ‘उतारावर उभा असलेला टेम्पो अचानक घसरल्याने एक जण जखमी.’ चार ओळींची बातमी, आतल्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात. दुसऱ्या दिवशी कुणाच्याही लक्षात राहत नाही. ज्याच्या पायावरून चाक गेलं त्याच्या घरी मात्र राहते.

मागच्या पावसाळ्याआधी अशीच एक बातमी दिली. ठिकाण आपलं अक्कलकोट रोड एमआयडीसी. एका टॉवेलच्या कारखान्याच्या गेटवर माल भरताना पिकअप टेम्पो पुढे घसरला आणि हमालाच्या घोट्यावरून चाक गेलं. कारखान्याचं, टेम्पोमालकाचं, हमालाचं, कुणाचंच नाव इथे लिहिणार नाही. माझं भांडण कुणा एकाशी नाही. शिवाय त्या रस्त्यावरच्या कुठल्याही गेटवर जाऊन बघा, रोज दुपारी तेच चित्र दिसेल.

बातमी छापून आली त्या संध्याकाळी चहाच्या टपरीवर आमचे मिस्त्री मामा भेटले. साठी ओलांडलेला माणूस, चाळीस वर्षं ट्रक-टेम्पोचं ब्रेकचं काम करतोय. पेपर माझ्यापुढे धरून म्हणाले, “काय ओ पत्रकार, हे अचानक म्हणजे काय? गाडीला काय झटका आला होता का?”

मी म्हटलं, “मामा, घसरली की ओ गाडी. ब्रेक फेल झाला असणार.”

“लावलेलाच नव्हता, तो फेल कसा होईल? उद्या सकाळी चला माझ्याबरोबर गेटवर. मग लिहा काय लिहायचं ते.”

गेलो. तिथे जे कळलं ते सांगायला ही पोस्ट. जरा लांब आहे, पण तुमच्या घरात कुणी टेम्पो चालवत असेल, हमाली करत असेल किंवा नुसती कार असेल, तरी शेवटपर्यंत वाचा.

आधी आपल्या डोक्यातला एक गैरसमज. आपण म्हणतो, सोलापूर सपाट आहे, इथे कुठला आलाय घाट! खरं आहे, घाट नाही. पण एमआयडीसीतले प्लॉट बघा. पावसाचं पाणी आत येऊ नये म्हणून आतली जमीन रस्त्यापेक्षा उंच. मध्ये गटार. त्या गटारावर स्लॅब टाकून गेटपासून रस्त्यापर्यंत उतरता रॅम्प. म्हणजे रस्ता सपाट असला तरी गाडी जिथे तासभर उभी राहून माल भरते, ती जागा उताराची. टेम्पो मागे मागे घेत रॅम्पवर चढवायचा, मागचा फाळका गेटच्या तोंडाशी, तोंड खाली रस्त्याकडे. आपला घाट तो आहे. बारा फुटांचा.

मामांनी गवंड्याची पाण्याची नळी आणली होती. नळीचं एक टोक गेटच्या उंबऱ्याशी, दुसरं रॅम्पच्या पायथ्याशी. बारा फुटांच्या लांबीत साधारण एक फूट उतार निघाला. म्हणजे शंभराला आठ. डोळ्यांना तो उतार वाटतच नाही. वयस्कर माणूस न धापता चढून जाईल.

आता गणित बघा, पाचवीच्या पोराला जमेल असं आहे. शंभराला आठ उतार असला की गाडीच्या वजनाच्या साधारण आठ टक्के जोर तिला खाली ओढत असतो. रिकामी पिकअप धरा सोळाशे किलोची. तिला खाली ओढणारा जोर झाला एकशेतीस किलोच्या आसपास. ड्रायव्हरने गाडी लावली, हँडब्रेक हाताला लागेल तेवढा, तीन टक् ओढला. गाडी थांबली. न्यूट्रल केली, चावी काढली, चहाला गेला. त्याच्या हिशेबाने त्याने गाडी नीट लावली. आणि त्या क्षणी ती खरंच नीट उभी होती.

मग माल चढायला लागला. टॉवेलच्या गाठी, पासष्ट किलोच्या धरा. वीस गाठी म्हणजे तेराशे किलो. गाडी आता एकोणतीसशे किलोची झाली. खाली ओढणारा जोर एकशेतीसवरून दोनशेतीस किलोच्या पुढे गेला. हँडब्रेक मात्र तेवढाच, तीन टक्. रिकाम्या गाडीला पुरलेला. टायरचा स्वतःचा अडथळा असतो, तो त्यातले पंचवीस-तीस किलो खातो, बस. त्यात प्रत्येक गाठ धाडकन आपटली की गाडीला हिसका बसतो. अठरावी गाठ पडली, एकोणिसावी पडली, विसावीला गाडी निघाली.

म्हणजे अचानक काहीच झालं नाही. गाडी तासभर एकेका गाठीने निघायच्या तयारीत होती. आम्ही फक्त शेवटची गाठ बघितली आणि ‘अचानक’ लिहून टाकलं.

मी मामांना विचारलं, हँडब्रेकची तेवढी ताकदच नसेल तर ड्रायव्हर काय करणार? त्यावर ते हसले. संयुक्त राष्ट्रांची ब्रेकची जी नियमावली आहे, आर-१३ म्हणतात तिला, तिच्यात हँडब्रेकला एक परीक्षा आहे. पूर्ण भरलेली गाडी शंभराला अठरा उतारावर, चढाच्या आणि उताराच्या दोन्ही दिशांना, एकट्या हँडब्रेकवर उभी राहिली पाहिजे. आपला रॅम्प आठचा. म्हणजे त्या मापाचा, नीट राखलेला आणि पूर्ण ओढलेला हँडब्रेक असेल तर भरल्या गाडीलाही तिथे हलायचं कारण नाही. हलली, याचा अर्थ दोनच. एक तर पूर्ण ओढलेला नव्हता, नाहीतर केबल सैल होती आणि लाइनर झिजलेले होते.

हँडब्रेक का ओढत नाहीत हेही मामांनीच सांगितलं. ड्रायव्हरला वाईट म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण त्याची कारणं आहेत. एकदा कधीतरी हँडब्रेक सोडायचा विसरून गाडी पळवलेली असते, लाइनर जळाल्याचा वास आलेला असतो, मालकाच्या शिव्या खाल्लेल्या असतात. तेव्हापासून हात आखडतो. दुसरं, पावसात रात्रभर उभ्या गाडीचे लाइनर ड्रमला चिकटतात, सकाळी गाडी अडते. तिसरं आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे आपल्या गेटवरची घाई. “जरा पुढं घे रे, दुसरी गाडी लावायची आहे.” ड्रायव्हर चहाला गेलेला. म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये आणि ब्रेक नावाला, म्हणजे दोघांनी ढकलली की सरकते. दोघांनी ढकलली की सरकणारी गाडी वीस गाठींनीही सरकते, एवढं साधं आहे हे.

सैल हँडब्रेक ओळखायचा कसा? दांडा वर ओढताना जे टक् टक् वाजतं ते मोजा. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तकात किती टकांत ब्रेक लागायला हवा ते दिलेलं असतं. तुमचा दांडा त्याहून बराच वर, जवळजवळ उभा होईपर्यंत येत असेल तर केबल ताणायला झाली. खरी परीक्षा मात्र भरल्या गाडीवर घ्यायची. रॅम्पवर गाडी उभी करा, पुढे रस्ता मोकळा आहे बघा, ड्रायव्हर सीटवरच असू दे. हँडब्रेक पूर्ण ओढा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि फूटब्रेकवरचा पाय हळूहळू सैल करा, पण उचलू नका. गाडी कणभर जरी सरकली तरी त्या हँडब्रेकवर माणसांना उभं करायचं नाही.

आता गिअर. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये एक ओळ पाठ करून घेतात. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स. का, ते कुणी सांगत नाही. गिअरमध्ये बंद केलेली गाडी सरकायला लागली की चाकं इंजिनला फिरवायला बघतात आणि बंद इंजिन सिलिंडरमधल्या हवेच्या दाबामुळे फिरायला विरोध करतं. पहिला आणि रिव्हर्स हे सगळ्यात जड गिअर, त्यामुळे विरोध सगळ्यात जास्त. टॉपमध्ये टाकून ठेवलेली गाडी मात्र उतारावर सहज निघून जाते.

उताराला रिव्हर्स का? तर पुढच्या गिअरमध्ये गाडी पुढे घसरली की इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेनेच फिरतं. बॅटरी उतरली की धक्का मारून आपण गाडी चालू करतो, ते याच रीतीने. रिव्हर्समध्ये असली तर इंजिन उलटं फिरायला जातं, चालू व्हायचा प्रश्नच नाही. आपल्या गेटवर टेम्पोचं तोंड खाली रस्त्याकडे असतं. म्हणून गेटवर माल भरणाऱ्या टेम्पोचा गिअर कोणता? रिव्हर्स. हे एवढं तरी प्रत्येक गेटवर रंगाने लिहायला हरकत नाही.

पण नुसत्या गिअरवर विसंबू नका, हे मामांनी दोनदा बजावलं. इंजिनातला दाब रिंगांच्या फटीतून हळूहळू निसटतो. जुनं, रिंगा घासलेलं इंजिन असेल तर भरली गाडी थोडी सरकते, थांबते, परत सरकते. गिअर म्हणजे पाठीराखा. पहिली जबाबदारी हँडब्रेकचीच.

म्हणून क्रमही महत्त्वाचा. फूटब्रेक दाबून गाडी थांबवायची. स्टिअरिंग फिरवायचं (कुठल्या बाजूला ते पुढे सांगतो). न्यूट्रल करून हँडब्रेक पूर्ण ओढायचा. मग फूटब्रेक हळूच सैल करून गाडी हँडब्रेकवर धरली का ते बघायचं. धरली की क्लच दाबून गिअर टाकायचा, इंजिन बंद करायचं, क्लच आणि ब्रेक सोडायचा. आधी गिअर टाकून पाय उचलला की सगळं वजन गिअरबॉक्सवर बसतं आणि हँडब्रेक धरतोय की नाही ते कळतच नाही. परत येऊन चावी फिरवताना क्लच दाबायला विसरायचं नाही, नाहीतर गाडी गिअरमध्येच उडी मारते.

कारवाल्यांनो, तुम्हीही ऐका. ऑटोमॅटिक गाडी आहे, ‘पी’ला टाकली की झालं, असं वाटतं ना? ‘पी’मध्ये गिअरबॉक्समधला एक छोटासा लोखंडी खिळा दातांत अडकतो, तेवढ्यावर गाडी उभी असते. आणि मुळात ‘पी’ला गेली का तेही बघायला हवं. १९ जून २०१६ ला अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये अँटन येल्चिन नावाचा सत्तावीस वर्षांचा नट स्वतःच्या घरापुढच्या उतारावर स्वतःच्याच गाडीखाली गेला. तो उतरला होता, गाडी मागे घसरली आणि त्याला गेटच्या खांबाशी चिरडलं. गाडी न्यूट्रलमध्ये सापडली. दांड्याकडे बघून गिअर कळायचा नाही अशी त्या गाडीची रचना होती आणि कंपनीने त्याआधी दोनच महिने त्यासाठी लाखो गाड्या दुरुस्तीला बोलावल्या होत्या. ऑटोमॅटिकलाही आधी हँडब्रेक, मग ‘पी’, मग उतरायचं.

आता स्टिअरिंगचं. हे आपल्याकडे जवळजवळ कुणीच करत नाही. हँडब्रेक आणि गिअर दोन्ही फसले तर गाडी कुठे जाईल, ते चाकं कुठे वळवलीत यावर ठरतं. अमेरिकेतलं सॅन फ्रान्सिस्को हे टेकड्यांचं शहर. तिथल्या पालिकेचा नियमच आहे की शंभराला तीनपेक्षा जास्त उतारावर गाडी लावली तर पुढची चाकं फुटपाथच्या कडेला टेकवून ठेवायची, नाहीतर दंड. तीन! आपला रॅम्प आठचा आहे, आठवा. तीन म्हणजे दहा फुटांच्या फळीला साडेतीन इंच. मोबाइलमध्ये लेव्हल बघायची सोय असेल तर पावणेदोन अंश. एमआयडीसीतल्या ज्या रस्त्याला आपण सपाट म्हणतो, तिथेही जागोजागी एवढा उतार सापडेल. आणि तीनवर सोळा टनी ट्रकला खाली ओढणारा जोर पाचशे किलोला थोडाच कमी भरतो. टायरच्या अडथळ्याने तो थांबत नाही.

रस्त्याच्या डाव्या कडेला लावलेल्या गाडीसाठी नियम असा. तोंड उताराकडे असेल तर स्टिअरिंग डावीकडे, कडेच्या दिशेने. गाडी निघाली तर चाक लगेच कडेला अडतं. तोंड चढाकडे असेल आणि फुटपाथला पक्की कडा असेल तर स्टिअरिंग उजवीकडे. गाडी मागे सरकली की पुढच्या डाव्या टायरची मागची बाजू कडेला टेकते आणि गाडी थांबते. तिथेच गाडी हळूच सरकवून टायर कडेला टेकवून ठेवली तर आणखी चांगलं.

पण आपल्या एमआयडीसीत फुटपाथ कुठे आहे? बहुतेक ठिकाणी डांबर संपलं की मुरूम, मुरूम संपला की गटार. कडा नसेल तर नियम आणखी सोपा. चढ असो, उतार असो, स्टिअरिंग डावीकडेच. उताराला गाडी पुढे निघाली तर डावीकडे मुरुमात उतरेल. चढावर मागे निघाली तरी तिची मागची बाजू डावीकडेच वळेल. रस्त्याच्या मधोमध, समोरून येणाऱ्या अक्कलकोटच्या बसपुढे ती जाणार नाही.

फक्त डावीकडे काय आहे ते उतरून बघायचं. तिथे चहाची टपरी असेल, बायका डबे घेऊन सावलीला बसल्या असतील, तर स्टिअरिंग फिरवून काही साधत नाही. ती जागाच उभं राहायची नाही. दहा पावलं पुढे जा.

रॅम्पवर तर गाडी रस्त्याला आडवी असते. चाकं सरळ ठेवली तर ती सरळ रस्ता ओलांडून समोर जाते. ब्रेकच नसेल तर बारा फुटांचा रॅम्प उतरायला तिला तीन-सव्वातीन सेकंद लागतात आणि खाली येईपर्यंत वेग ताशी आठ किलोमीटर होतो. म्हणून तिथे स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला, जिकडे मोकळा मुरूम किंवा कंपाउंडची भिंत आहे तिकडे. गाडी निघालीच तर वळत जाऊन तिथे अडेल.

आणि चौथी गोष्ट, चाकाला ठोकळा. आपल्याकडे ठोकळा म्हणजे दगड. दगडाच्या दोन भानगडी. गोल असला तर टायर त्याच्यावर चढतो किंवा त्यालाच ढकलत नेतो. आणि काम झालं की तो तिथेच रस्त्यावर पडून राहतो. रात्रपाळी सुटल्यावर मोटारसायकलवर घरी निघालेल्या कामगाराच्या चाकाखाली तोच येतो. त्यापेक्षा सुतारांकडून तिरकी लाकडी पाचर करून घ्या, टायरला नीट बसेल अशी. दोन पाचरी, मागच्या दोन्ही चाकांना, उताराच्या बाजूने. दोन्हींना एक दोरी बांधून दोरीचं टोक गेटच्या कडीला. दोरी असली की पाचर रस्त्यावर विसरत नाही आणि काढताना कुणाला चाकाखाली हात घालावा लागत नाही.

आता त्या हमालाकडे येतो. मी बातमीत लिहिलं होतं, ‘चाकाखाली सापडला’. जसं काही तो तिथे झोपला होता. तो घरी पाय प्लास्टरमध्ये घालून बसला होता तेव्हा जाऊन भेटलो. त्याने सांगितलं, “अण्णा, गाडी हलली तसा मी खाली उडी मारून पुढं पळालो. समोर टपरीवर पोरं होती ओ. बॉनेटला दोन्ही हात लावून रेटलं. थांबल असं वाटलं.”

का वाटलं? कारण रोज सपाटीवर तोच टेम्पो तो दोघांच्या मदतीने ढकलतो. त्याच्या हाताला त्या गाडीचं वजन माहीत आहे, पण सपाटीवरचं, थांबलेल्या गाडीचं. एकोणतीसशे किलोचा टेम्पो नुसत्या माणसाच्या चालण्याच्या वेगाने येत असेल आणि अर्ध्या मीटरात थांबवायचा असेल तर साडेपाचशे-सहाशे किलोचा जोर लागतो. हे कुणाही पैलवानाचं काम नाही. तो मागे रेटला गेला, गटाराच्या स्लॅबला टाच अडकली, पडला आणि पुढचं चाक घोट्यावरून गेलं. टपरीवरची पोरं उठून बाजूला झाली होती. तो ओरडला होता म्हणून.

त्यामुळे हे घरोघरी सांगा. गाडी निघाली की तिच्या पुढे जायचं नाही, हात लावायचा नाही, दार उघडून आत उडी मारायची नाही. ओरडायचं. वाटेतली माणसं बाजूला होतात. भिंत पडली, टपरी मोडली तर भरून निघते.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८, कलम १२६. सार्वजनिक जागी गाडी उभी ठेवायची तर सीटवर लायसनवाला ड्रायव्हर हवा. तो नसेल तर इंजिन बंद, ब्रेक लावलेला किंवा गाडी चुकूनही चालू लागणार नाही अशी दुसरी व्यवस्था केलेली हवी. म्हणजे माझ्या चार ओळींच्या बातम्यांतला ‘अचानक’ कायद्याला मान्यच नाही. गाडी आपोआप निघाली, हेच मुळात कुणाचं तरी काम राहून गेल्याची खूण आहे. लायसनच्या चाचणीच्या नियमांतही चढावर गाडी थांबवून, मागे न घसरता पुन्हा पुढे काढून दाखवायची अट आहे. पण गेटवर ती गाडी भरली जात असताना कशी उभी आहे, ते बघायला कोण येतं?

आणि इथे माझं मत स्पष्ट लिहितो. कलम ड्रायव्हरकडे बोट दाखवतं, ते बरोबरच आहे. पण गेटवर गाडी लागल्यापासून भरून निघेपर्यंत तिचं वजन वाढवणारा कारखाना असतो. रॅम्प कारखान्याचा, घाई कारखान्याची, हमाल कारखान्याने बोलावलेले. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायला लावणारा आवाज बहुतेक वेळा गेटच्या आतून येतो. मग ती गाडी नीट उभी आहे का, हे बघायची जबाबदारी पण गेटच्या आत असायला हवी.

एमआयडीसीतल्या कारखानदारांकडे माझं मागणं मोठं नाही. गेटवर दोरी बांधलेल्या दोन पाचरी. वॉचमनने पहिली गाठ चढायच्या आधी तीन गोष्टी बघायच्या: हँडब्रेक पूर्ण वर, गिअर रिव्हर्सला, पाचरी लागलेल्या. नसेल तर माल चढवायचा नाही. आणि गाडी सरकवायची असेल तर चहावरून ड्रायव्हरला बोलवायचं, ढकलायचं नाही. खर्च किती? आम्ही त्या गेटवर उभे असताना मामांनी हिशेब केला, एका टॉवेलच्या गाठीच्या भाड्याइतकाही नाही.

टेम्पोमालकांकडे एकच. हँडब्रेकची केबल ताणून घ्या. अर्ध्या तासाचं काम आहे. आणि ड्रायव्हरकडून कधी लाइनर जळाले तर त्याला असं झापू नका की पुढे तो जन्मभर हँडब्रेकला हात लावायला घाबरेल.

हमालाच्या घोट्यात सळई टाकलीय. गाठ उचलायचं काम आता त्याला झेपत नाही, दुसऱ्या एका ठिकाणी बसून टॉवेलांना लेबलं लावतो. मजुरी निम्मी. त्या गेटवर मी गेल्या आठवड्यात परत गेलो होतो. टेम्पो लागला होता, तोंड रस्त्याकडे, चाकं सरळ. मागच्या चाकाला एक दगड होता. गोल.

मी माझ्यापुरतं ठरवलंय. यापुढे अशी बातमी आली की ‘अचानक’ लिहिणार नाही. हँडब्रेक ओढलेला होता का, गिअर कुठल्या होता, चाकाला काय लावलं होतं, हे तिन्ही विचारणार आणि उत्तर मिळेल ते छापणार. तुमच्या गेटवर आज गाडी कशी लागली आहे, ते जाऊन बघा आणि खाली लिहा. चांगलं असेल तर तेही लिहा, बाकीच्यांना दाखवता येईल.